पहिल्या दोन-तीन भेटींत नोकरी, पैसा आणि राहणी यांवर कसं बोलावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी एका वधू-वर सूचक मंडळात काम करते. स्थळं जुळवून देणं हे त्यातलं छोटं काम. भेट झाल्यावर दोन्हीकडचे फोन घेणं हे मोठं. त्या फोनवर दोन तक्रारी सतत येतात. पहिली भेटीनंतर लगेच येते: "बोलणं कसलं, मुलाखतच घेतली." दुसरी लग्नानंतर सहा-आठ महिन्यांनी येते: "हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." पहिल्या तक्रारीच्या भीतीने विचारायचं टाळलं की बहुधा दुसरी वाट्याला येते. खालचे प्रश्न मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी मला वेळोवेळी विचारलेले आहेत.

पगार, नोकरी हे सगळं बायोडेटात असतंच. मग भेटीत परत कशाला?

बायोडेटात आकडे असतात, पण ते कशाचे हे लिहिलेलं नसतं. "पॅकेज १८ लाख" वाचलं की घरातले बाराने भागतात आणि महिना दीड लाख धरतात. त्या १८ लाखांत साधारण दोनेक लाख वर्षअखेरीच्या कामगिरीवर मिळणारे असतात. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली असते. मग स्वतःचा पीएफ आणि आयकर कापला जातो. पगाराच्या रचनेप्रमाणे फरक पडतो, पण हातात येणारी रक्कम बहुधा १ लाख ५ ते १० हजारांच्या घरात असते.

"स्वतःचा फ्लॅट" या दोन शब्दांचंही तसंच. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं असेल तर महिन्याला सुमारे ४३,४०० रुपये हप्ता बसतो. "नोकरी: बँकेत" यावरून बदली होते का, कुठं होते, लग्नानंतर गाव बदललं तर ती नोकरी टिकते का, हे काहीच कळत नाही. भेटीत बोलायचं ते याच्यावर. बायोडेटातली माहितीच परत विचारली तर समोरच्याला वाटतं की आपला कागद यांनी वाचलासुद्धा नाही.

प्रश्नांची यादी करून गेलं तर चुकलं का?

यादी जरूर करा. घरी, शांतपणे, कागदावर. फक्त त्यातले दोनच विषय एका भेटीला न्या आणि कागद घरी ठेवा.

यादी जाणवते ती प्रश्नांची संख्या जास्त म्हणून नव्हे. समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघत नाही, म्हणून ती जाणवते. एक मुलगी मला सांगत होती, "मी म्हटलं, बाबांच्या आजारपणात वर्षभर नोकरी सोडली होती. त्यावर तो 'अच्छा' म्हणाला आणि लगेच विचारलं, ट्रॅव्हलिंग आवडतं का?" मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता आणि यादीतला पुढचा मुद्दा निसटेल या धास्तीत होता. पण नकाराला तेवढं एक "अच्छा" पुरलं.

स्वतःला तपासायची सोपी खूण आहे. भेटीनंतर घरी आल्यावर समोरच्याने सांगितलेला एखादा प्रसंग तुम्हाला आठवतो का? नुसती "हो", "नाही" आणि आकडे आठवत असतील तर यादीच वाचली गेली.

मग नेमकं विचारायचं कसं?

मतं विचारू नका, नुकतंच काय घडलं ते विचारा. आणि आधी स्वतःचं सांगा.

"पैशाबद्दल तुमचा दृष्टिकोन काय?" याला सगळेच म्हणतात, "बॅलन्स्ड. बचतही करतो, एन्जॉयही करतो." हे ऐकून हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं बोलता येतं: "दिवाळीच्या बोनसमधून मी आईला मिक्सर घेतला आणि उरलेले पीपीएफमध्ये टाकले. नंतर वाटलं, स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. तुमचा बोनस कुठं गेला?" समोरचा म्हणेल, मित्रांबरोबर हिमाचलला गेलो. किंवा म्हणेल, धाकट्या भावाची फी भरली. किंवा हसून म्हणेल, क्रेडिट कार्डाचं बिलच फिटलं. तिन्ही उत्तरांत माणूस दिसतो, आणि तिन्हींतून पुढं बोलायला वाट निघते.

नोकरीचंही तसंच. "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?" हा प्रश्न कंपनीतल्या माणसांनी इतक्यांदा विचारलेला असतो की उत्तर पाठ असतं. "या आठवड्यात कामाचा सगळ्यात कंटाळवाणा दिवस कोणता होता?" असं विचारून बघा. माणूस कामाबद्दल बोलताना फुलतो की कोमेजतो, ते पाच मिनिटांत समजतं. मग "हे असंच चालू राहावं असं वाटतं, की बदलायचंय काही?" हा प्रश्न सहज येतो, आणि महत्त्वाकांक्षेचं जे काही असेल ते तिथं निघतं.

स्वतःचं आधी सांगायचं कारण साधं आहे. तुम्ही तुमचा बोनस कुठं गेला ते सांगितलं की समोरच्यालाही तितपतच सांगावं लागतं, हे त्याला कळतं. तुम्ही न सांगता विचारलं तर तो तपासणीला बसल्यासारखा होतो. पण स्वतःचं सांगताना चांगलं तेवढंच निवडून सांगू नका. "मी खूप काटकसरी आहे" असं म्हटल्यावर समोरचा आपला उधळेपणा झाकणारच.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल?

तपशील थोडे बदलून सांगते. मुलगी नाशिकची, एका सहकारी बँकेत अधिकारी. मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला, रावेतला फ्लॅट. पहिली भेट मुलीच्या घरी झाली. पोहे-चहा आटोपल्यावर मोठ्यांनी दोघांना गच्चीवर पाठवलं. तिने विचारलं, "तुमचा पुढचा प्लॅन काय?" तो म्हणाला, "ग्रोथ आहे कंपनीत." त्याने विचारलं, "लग्नानंतर जॉब कंटिन्यू करणार का?" ती म्हणाली, "हो." वीस मिनिटांत खाली आले. संध्याकाळी मला दोन्हीकडून फोन. तिचं म्हणणं, "नोकरी करणार का, हा काय प्रश्न झाला? माझी परवानगी काढायला आला होता का?" त्याचं म्हणणं, "तिला फक्त पॅकेज किती वाढणार तेवढं हवं होतं."

मी दोघांना म्हटलं, एकदा बाहेर भेटा आणि या वेळी फक्त कामावर बोला. पैशाचं नाव काढू नका.

दुसऱ्या भेटीत तिने सांगितलं की मंगळवारी शाखेत कॅश टॅली होत नव्हती. पाचशे रुपयांचा फरक सापडेपर्यंत सगळे रात्री साडेआठपर्यंत थांबले, आणि फरक तिनेच शोधून काढला. सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते त्याने मला नंतर फोनवर वर्णन करून सांगितलं. त्यातून निघालं की तिला शाखाधिकारी व्हायचं आहे आणि बढतीची अंतर्गत परीक्षा ती देणार आहे. मग त्याने जे विचारलं ते खरं उपयोगाचं होतं: "तुमच्या बँकेची पुण्यात शाखा आहे का?" नव्हती. बँकेच्या सगळ्या शाखा नाशिक आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत. म्हणजे "नोकरी चालू ठेवणार का" याला तिने दिलेलं "हो" आणि त्याने ऐकलेलं "हो" या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुण्याला जायचं तर ही नोकरी आणि ही परीक्षा दोन्ही सोडावी लागणार होती. नाशिक-पुणे दोनशे किलोमीटरच्या वर, रस्त्याने पाच तास. रोजची ये-जा शक्यच नव्हती.

तिसऱ्या भेटीत त्याने आपण होऊन फ्लॅटचं सांगितलं. हातात येतात १ लाख ७ हजार. घराचा हप्ता ४३,४००. गाडीचा १२,०००. गावी आईवडिलांना १५,०००. उरतात ३६,६००, आणि त्यात घरखर्च, पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा. तिचा पगार हातात ४२ हजार. तिने तिथल्या तिथं हिशेब केला की तिची नोकरी सुटली आणि पुण्यात सहा महिने दुसरी मिळाली नाही, तर दोघांनी ३६ हजारांत भागवायचं. कठीण नक्कीच, पण तिच्या मते अशक्य नव्हतं. तिला नको होती ती नोकरीविना आलेली सून म्हणून सासरी होणारी सुरुवात. ते तिने तसंच सांगितलं, आणि त्याला ते पटलं.

लग्न ठरलं. तारीख मात्र तिला पुण्यात नोकरी मिळेपर्यंत, सात महिने पुढं गेली. बढतीची परीक्षा सुटली ती सुटलीच. त्याची रुखरुख तिला आजही आहे, आणि ती त्याला माहीत आहे.

पगाराचा नेमका आकडा कधी विचारावा?

दोघांनाही पुढं जावंसं वाटतंय हे स्पष्ट झाल्यावर, आणि दोघांनी एकाच बैठकीत. तिसरी भेट हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नाही. "हातात किती येतात आणि महिन्याचे ठरलेले किती जातात" हे दोन आकडे एकत्र विचारा. नुसता पगार विचारला तर भाव केल्यासारखं वाटतं. हप्ते आणि घरी द्यायचे पैसे बरोबर आले की तेच बोलणं संसाराचं होतं.

सॅलरी स्लिप, फॉर्म १६ वगैरे बघायचं असेल तर ते होकारानंतर, साखरपुड्याआधी, आणि दोन्ही बाजूंनी. मुलाची स्लिप मागून मुलीची दाखवायची नाही, किंवा उलट, हे मी होऊ देत नाही.

असे काही प्रश्न आहेत का, जे आडवळणाने न विचारता सरळच विचारावेत?

हो, तीन-चार आहेत. तिथं गोष्टी सांगत बसण्यात अर्थ नाही. आधी म्हणावं, "एक गोष्ट सरळ विचारते, कारण अंदाजावर राहायला मला भीती वाटते," आणि विचारून टाकावं.

पहिला कर्जाचा, आणि त्यात जामीनसुद्धा. "तुमच्या नावावर कर्ज आहे का?" याला लोक खरं उत्तर देतात, पण "मित्राच्या, भावाच्या कर्जाला सही केली आहे का?" हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. मित्राने हप्ते थकवले तर बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. पतसंस्थांच्या कर्जांना गावोगावी अशा सह्या झालेल्या आहेत आणि सही करणारा बहुधा ती विसरलेला असतो. मी दोन संसारांत यावरून भांडणं बघितली. दोन्हीकडे नवरा खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ते कर्ज त्याचं नव्हतंच.

क्रेडिट कार्डाबद्दल "कार्ड वापरता का?" असं विचारू नका, सगळेच वापरतात. "बिल पूर्ण भरता की किमान रक्कम?" हे विचारा. किमान रक्कम भरून बाकी पुढं ढकललं तर बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. महिनोन्महिने किमान रक्कमच भरली जात असेल तर पगार कितीही असो, त्या घरात पैसा कमी पडतोय.

दुसरा परदेशाचा. "पुढेमागे अमेरिकेला जायचा विचार आहे" हे वाक्य नुसतं ऐकून सोडू नका. एच-१बी व्हिसावर गेलेल्याचा जोडीदार एच-४ व्हिसावर जातो आणि तिथं गेल्या गेल्या त्याला नोकरी करता येत नाही. काम करायचा परवाना २०१५ पासून मिळू लागला, पण तोही नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. तिथपर्यंत वर्षं जाऊ शकतात. इथं फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्या मुलीला हे साखरपुड्याच्या आधी कळायला हवं.

तिसरा स्पर्धा परीक्षेचा. एमपीएससी, यूपीएससी करणारे किंवा नुकतेच सोडलेले असतील तर "अजून किती प्रयत्न द्यायचे ठरवलंय आणि तोपर्यंत घर कशावर चालणार?" हे विचारणं उद्धटपणाचं नाही. यूपीएससीला खुल्या गटात सहा प्रयत्न आणि ३२ वर्षं वय ही मर्यादा आहे, पण माणसाने स्वतःशी ठरवलेली मर्यादा त्याच्या आधीची असते. ती त्याच्याच तोंडून ऐका.

आईवडिलांना पैसे देण्याचा विषय कसा काढावा? वाईट दिसतं.

याची सुरुवातही स्वतःपासूनच करावी. "मी घरी दर महिन्याला दहा हजार देते आणि लग्नानंतरही द्यायचे आहेत" असं मुलीने म्हटलं की मुलाच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी हलतं. तो क्षण बघून ठेवा. आपल्याकडे मुलाने द्यायचे हे गृहीत आणि मुलीने द्यायचे हे नवीन, म्हणून हा विषय मुलीनेच आधी काढलेला बरा. मुलाने फक्त "देतो थोडेफार" म्हणू नये, रक्कम सांगावी. थोडेफार म्हणजे पाच हजार की पस्तीस, यात एका माणसाचा पगार बसतो.

लग्नखर्च कुणी किती करायचा हे दोन्ही घरांनी निम्मं-निम्मं ठरवावं, असं माझं मत आहे. आणि बोलण्याच्या ओघात कुणी "मुलीला काय देणार" असं विचारलं तर ती हुंड्याची मागणी आहे. १९६१ पासून कायद्याने तो गुन्हा आहे. त्या स्थळाला मी पुढच्या भेटीची वेळ देत नाही.

राहणीमान म्हणजे नक्की काय विचारायचं?

गेला रविवार. "गेल्या रविवारी किती वाजता उठलात?" यातून झोप, पाहुणे, देवपूजा, बाजार, मटण, ट्रेक, सिरीज, आईच्या गुडघेदुखीसाठी दवाखाना, सगळं निघतं. स्वयंपाक कोण करतं हेही तिथंच कळतं. "स्वयंपाक येतो का?" असं विचारण्यापेक्षा "गेल्या रविवारी जेवायला काय होतं, कुणी केलं?" हे विचारून बघा. मुलालाही विचारा.

दारूबद्दल "सोशली घेतो" या उत्तराचे मी शंभर अर्थ ऐकले आहेत. वर्षातून दोनदा म्हणणाराही सोशली घेतो आणि दर शुक्रवारी घेणाराही. "शेवटचं कधी घेतली होती?" एवढंच हसत विचारा. कालच, असं उत्तर आलं तरी दचकू नका. पुढं ऐका.

समोरचा एकेका शब्दात उत्तरं देतो. काय करावं?

जागा बदला. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलणं अनेकांना जमत नाही, पण शेजारी चालताना तीच माणसं मोकळी होतात. बागेत, नदीकाठी, अगदी दुकानाच्या रांगेतसुद्धा. दोन भेटींनंतरही पैशाच्या विषयावर तो गप्प होत असेल आणि इतर विषयांवर बोलत असेल, तर मात्र ते लाजणं नाही. तेव्हा सरळ विचारा.

हे सगळं व्हॉट्सॲपवर विचारलं तर?

कृपा करून नको. तिथं प्रश्न पाठवले की तो फॉर्मच होतो, आणि उत्तर घरातल्या चौघांनी मिळून लिहिलेलं असू शकतं. भेटणं शक्य नसेल, एक जण दुबईला आणि एक सांगलीला असेल, तर व्हिडिओ कॉल करा. चहाचा कप घेऊन बसा, घाई नको.

समोरच्यानेच यादी काढली तर?

राग मानू नका. बहुधा घरून सांगून पाठवलेलं असतं. पहिल्या दोन प्रश्नांना प्रसंग सांगून उत्तर द्या आणि शेवटी "तुमचं कसं?" असं विचारा. दोनदा असं झालं की यादी आपोआप बाजूला पडते. नाही पडली आणि तुमचा प्रश्न त्याने तिसऱ्यांदाही टाळला, तर मला फोन करून कळवा. मी मुलाच्या किंवा मुलीच्या आईशी बोलते.

पैशाच्या किंवा नोकरीच्या कारणावरून नकार द्यायचा असेल तर काय सांगावं?

खरं कारण सांगा, माणसाबद्दलचा निकाल सांगू नका. "तुमच्यावर फार कर्ज आहे" असं कुणाला तोंडावर सांगायची गरज नाही. "महिन्याला एवढा हप्ता असताना माझ्या आईची जबाबदारी मला पेलता येईल असं वाटत नाही" हे सांगता येतं. पत्रिका जुळत नाही असं खोटं कारण मात्र देऊ नका. त्या घरचे लोक मग आणखी चार ज्योतिषांकडे जातात, त्यात महिना-दोन महिने मोडतात, आणि शेवटी पत्रिका घेऊन परत माझ्याकडेच येतात.